कडेला घुसलेला हात आणि फोटो कापायची जागा

लग्नाचा, मुंजीचा, साखरपुड्याचा कुठलाही अल्बम उघडा, कडेला घुसलेला एखादा परका हात सापडतोच. कुणी अक्षता टाकायला पुढे केलेला, कुणी ताट धरलेला, कुणी मोबाइल उंचावलेला. आणि ज्या फोटोत आजी किंवा काका अगदी हवे तसे आलेले असतात, नेमका त्याच फोटोत तो असतो. मग मोबाइलवर फोटो उघडायचा, क्रॉपची चौकट धरायची आणि हात दिसेनासा होईपर्यंत कड आत ढकलत न्यायची, असं बहुतेक जण करतात. हात जातो, पण त्याच्याबरोबर आजीच्या कोपराचं टोक जातं, मांडीवर ठेवलेल्या हाताची दोन बोटं जातात. फोटो कुठेतरी बिघडलाय हे बघणाऱ्याला जाणवतं, काय बिघडलंय ते मात्र सांगता येत नाही.

बिघडतं ते असं की, कड कुठे थांबवायची हे परक्या हाताने ठरवलेलं असतं. परका हात फक्त एवढंच सांगू शकतो की कमीत कमी किती आत यायला हवं. तिथून पुढे थांबायचं कुठे, हे फोटोतल्या माणसाच्या शरीराला विचारायचं असतं. कधी कड आणखी आत न्यावी लागते, कधी ती बाजू सोडून खालूनच कापावं लागतं आणि कधी कळतं की या फोटोत कापून भागणार नाही. या तिन्हींपैकी आपला फोटो कुठल्या प्रकारातला, हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

सांध्यावर कापू नये, दोन सांध्यांच्या मध्ये कापावं

छायाचित्रणाच्या वर्गात ही गोष्ट सुरुवातीलाच शिकवतात: मान, कोपर, मनगट, गुडघा, घोटा यांवर फोटोची कड येऊ देऊ नये. सांध्यापाशी अवयवाची दिशा बदलते. कड नेमकी तिथेच आली, तर पुढचा भाग कुठल्या दिशेला गेला याचा अंदाज डोळ्याला लागत नाही आणि अवयव तिथेच संपल्यासारखा वाटतो. कोपराशी कापलेला हात थोटा दिसतो, गुडघ्याशी कापलेला माणूस आखूड दिसतो.

तीच कड दंडाच्या मध्यावर आली तर काही वाटत नाही. दंड सरळ खाली चाललेला दिसतो, तो कडेच्या पलीकडेही तसाच चालू असणार हे डोळा आपोआप मानून घेतो. म्हणून उभ्या माणसासाठी खालची कड थांबवायच्या चांगल्या जागा तीन. पहिली छातीचा मध्य, म्हणजे साधारण दंडाचाही मध्य. दुसरी कमरेच्या थोडं खाली. तिसरी मांडीचा मध्य. पोटरीच्या मध्यावर कापलं तर चालून जातं, पण तेवढं पाऊल वगळण्यापेक्षा पायासकट पूर्ण उंची ठेवलेली बरी दिसते.

पंजाचा नियम वेगळा आणि जास्त कडक आहे. फोटोतल्या माणसाचा स्वतःचा पंजा एकतर पुरता आत ठेवायचा, नाहीतर पुरता बाहेर घालवायचा. चेहऱ्यानंतर आपली नजर हातांवर जाते. त्यामुळे कापलेली बोटं लगेच टोचतात. पंजा बाहेर घालवायचा ठरला तर कड मनगटावर आणू नका, हाताच्या मध्यावर, म्हणजे कोपर आणि मनगट यांच्या बरोबर मधे आणा.

आणखी एक चूक सहज होते. कड शरीराला कापत नाही, पण अगदी चिकटून जाते. कोपराचं टोक किंवा खांद्याची गोलाई कडेला टेकल्यासारखी दिसते आणि माणूस खिडकीत अडकल्यासारखा वाटतो. शरीर आणि कड यांच्यात ठसठशीत जागा तरी हवी, नाहीतर ठसठशीत काप तरी हवा. खांदा कापायचाच असेल तर चिमूटभर नको. मुद्दाम कापलाय असं दिसेल इतका कापा.

हात कुठून आलाय ते आधी बघा

चौकट हलवायच्या आधी हाताची बोटं कुठपर्यंत पोचलीत आणि हात कुठल्या उंचीवरून आत आलाय, या दोन गोष्टी बघायच्या. त्यावरून कुठली कड हलवायची ते ठरतं.

हात आणि माणूस यांच्यात मोकळी पार्श्वभूमी दिसत असेल, तर ती कड त्या मोकळ्या पट्टीत आणून उभी करायची. पट्टी रुंद असेल तर काम तिथेच संपतं. अरुंद असेल तर वर सांगितलेली चिकटण्याची अडचण येते.

हात बाजूने पण खालच्या उंचीवरून आला असेल, म्हणजे कमरेच्या किंवा कोपराच्या पातळीवर, तर बाजूच्या कडेला हात लावायचीही गरज नसते. खालची कड वर आणली की तो हात आपोआप बाहेर जातो आणि बाजूची जागा आपल्याला हवी तेवढी ठेवता येते. बाजूने आलेला हात बाजूनेच घालवायचा, असं मनात बसलेलं असल्यामुळे हा मार्ग सहसा सुचत नाही.

हात कोपऱ्यात असेल तर फोटो किंचित फिरवून बघा. 6000 × 4000 पिक्सेलच्या आडव्या फोटोत चौकट मध्याभोवती 2 अंशांनी फिरवली, तर उजव्या कडेचं खालचं टोक साधारण 70 पिक्सेल आत येतं आणि वरचं टोक तितकंच बाहेर जातं. कोपऱ्यातली बोटं जायला कधी कधी एवढं पुरतं. मात्र फिरवल्यावर रिकामे कोपरे टाळण्यासाठी चौकट थोडी लहान होते आणि मागे मांडवाचे खांब, दाराची चौकट, भिंतीची कड असेल तर ती कललेली दिसायला लागते. मागे नुसता पडदा किंवा झाडं असतील तरच हा उपाय करावा आणि 2 अंशांच्या पलीकडे जाऊ नये.

हात माणसाच्या अंगावरच असेल, म्हणजे खांद्यावर ठेवलेला किंवा कमरेमागून आलेला, तर तो सगळ्यात अवघड प्रकार. त्याकडे पुढे येऊ.

एक फोटो, दोन क्रॉप

आता एक फोटो घेऊन सगळं करून बघू. साखरपुड्यातला आडवा फोटो आहे, 6000 × 4000 पिक्सेलचा. आजी खुर्चीवर बसल्यात, दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवलेत आणि त्या फोटोच्या डाव्या बाजूला, म्हणजे नवऱ्यामुलीकडे, बघून हसतायत. उजव्या कडेतून घड्याळ घातलेला एक हात पेढ्यांचं ताट धरून आत आलाय. घरच्यांना हा फोटो भिंतीवर लावायचाय, 8 × 10 इंचांच्या उभ्या चौकटीत.

आधी मोजून घेऊ. परक्या हाताची बोटं उजव्या कडेपासून आत येत येत डावीकडून 3850 पिक्सेलवर पोचलीत. आजींच्या त्या बाजूच्या कोपराचं टोक 3700 वर आहे. दोघांत 150 पिक्सेलची पट्टी मोकळी. उंचीचं बघितलं तर परका हात 2300 ते 2900 पिक्सेलच्या पट्ट्यात आहे आणि आजींचं कोपरही 2750 च्या आसपास, म्हणजे दोन्ही एकाच पातळीवर. त्यामुळे फोटो फिरवून काही साधणार नाही. कड फिरली तर ती कोपराजवळ जितकी सरकेल, तितकीच बोटांजवळही सरकेल.

पहिला मार्ग खालून कापण्याचा. आजींचे खांदे 1750 वर आणि कोपर 2750 वर असेल तर दंडाचा मध्य येतो 2250 वर. खालची कड 2200 वर आणली की दंडाच्या मध्याजवळ, अगदी योग्य जागी काप बसतो आणि 2300 पासून सुरू होणारा परका हात आपोआप बाहेर पडतो. डोक्याचं टोक 750 वर आहे. वर 350 पिक्सेल मोकळे ठेवून वरची कड 400 वर घेऊ. उंची झाली 1800. 8 × 10 च्या प्रमाणात रुंदी येते 1440. आजींचा चेहरा 2700 वर आहे, तो मध्यावर ठेवला तर कडा येतात 1980 आणि 3420 वर. खांदे 1850 ते 3550 इतके पसरलेत, म्हणजे दोन्ही खांदे सव्वाशे-दीडशे पिक्सेलनी कापले जातात. हा काप निसटता नाही, दोन्हीकडे सारखा आहे, म्हणून तो मुद्दाम केलेला दिसतो. छातीपर्यंतचा नेहमीचा पोर्ट्रेट तयार होतो.

यात गेलं काय, तर आजींचे मांडीवरचे हात. घरच्यांना नेमके तेच हवे असतील, बांगड्या, पदराचं टोक, बसण्याची ती ढब, तर हा क्रॉप त्यांच्या कामाचा नाही. शिवाय 1440 पिक्सेल 8 इंचांत पसरले की इंचाला 180 पिक्सेलच मिळतात. भिंतीवर चारपाच फुटांवरून बघायला ते चालतात, हातात धरून बघितलं तर थोडं मऊ वाटतं. प्रिंटसाठी इंचाला 300 पिक्सेल हे नेहमीचं माप आणि 200 च्या खाली शक्यतो जाऊ नये.

दुसरा मार्ग हात ठेवण्याचा. मांडीवरचे पंजे 3250 वर संपतात. त्यांच्याखाली 150 पिक्सेल सोडून खालची कड 3400 वर थांबवू. गुडघे 3600 वर आहेत, तेव्हा काप मांडीवरच बसतो. वरची कड 350 वर. उंची 3050, म्हणून रुंदी 2440. आता परक्या हाताला बाहेर ठेवायचं तर उजवी कड त्या 150 पिक्सेलच्या पट्टीतच बसवावी लागणार. मध्यावर, 3775 वर बसवू. डावी कड मग 1335 वर येते.

इथे डावीकडच्या कोपरापासून कडेपर्यंत साडेतीनशेपेक्षा जास्त पिक्सेल मोकळे राहतात आणि उजवीकडे फक्त 75. हे असमान आहे, तरी खटकत नाही, कारण आजी डावीकडे बघतायत. माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला थोडी जास्त जागा लागतेच. आजी उजवीकडे, त्या हाताच्या दिशेला बघत असत्या, तर हाच क्रॉप कोंदट झाला असता आणि पहिल्या मार्गावर परत जावं लागलं असतं. म्हणून कड ठरवण्याआधी नजर कुठे आहे ते बघून घ्यावं.

पिक्सेलचा प्रश्न इथे येत नाही. 2440 पिक्सेल 8 इंचांत म्हणजे इंचाला 305. पण वेगळीच अडचण आहे आणि ती स्क्रीनवर दिसत नाही. 75 पिक्सेल म्हणजे त्या प्रिंटवर जेमतेम 6 मिलिमीटर. लाकडी फोटोफ्रेमच्या आतल्या खाचेची ओठणी प्रिंटची प्रत्येक बाजू साधारण 5 ते 6 मिलिमीटर झाकते. म्हणजे फ्रेमवाल्याने फोटो बसवला की आजींचं कोपर थेट लाकडाला टेकणार. जी चिकटण्याची चूक आपण टाळली होती, ती फ्रेममध्ये परत येणार.

उपाय सोपा आहे. प्रिंट काढतानाच फोटोभोवती सगळीकडून 6 मिलिमीटरची पांढरी किनार ठेवायला सांगायची. कागद 8 × 10 चाच, फोटो थोडा लहान. फ्रेमची ओठणी मग ती किनार झाकते, फोटो झाकत नाही. लॅबला सांगताना ‘बॉर्डरसहित’ असं स्पष्ट सांगा, कारण बिनकिनारीची प्रिंट काढताना मशीन स्वतःहून कडेचे दोनतीन मिलिमीटर खातं, ते वेगळंच. पहिल्या मार्गाच्या क्रॉपला हा त्रास नाही. तिथे दंड आधीच कापलेले आहेत, आणखी थोडे झाकले गेले तरी बिघडत नाही.

दोन्ही क्रॉप बरोबर आहेत. चेहरा हवा असेल, किंवा प्रिंट 5 × 7 पर्यंतचीच असेल, तर पहिला. बसलेली आजी हवी असेल तर दुसरा. चुकीचा क्रॉप तिसराच, तो म्हणजे हात नक्की जावा म्हणून 3775 च्या ऐवजी 3600 वर थांबणं. हात पुरता गेला म्हणून समाधान वाटतं आणि कोपराचं टोक 100 पिक्सेलनी कापलं गेलेलं लक्षातही येत नाही.

खांद्यावर ठेवलेला हात

ग्रुप फोटोतून एकाच माणसाचा फोटो काढायचा असतो तेव्हा हा प्रसंग येतो. स्थळासाठी बायोडेटाबरोबर पाठवायला, किंवा कुणी गेल्यावर हार घालायच्या फोटोसाठी. शेजारच्याला कापून टाकता येतं, पण त्याची चार बोटं खांद्यावर तशीच राहतात. मालकाशिवाय राहिलेली बोटं भलतीच दिसतात.

मान जिथे खांद्याला मिळते ती जागा आणि खांद्याचं बाहेरचं टोक, यांच्या मध्यावर मनात एक खूण करा. बोटं त्या खुणेच्या बाहेर असतील, तर चेहऱ्याचा जवळचा क्रॉप करता येतो. ती बाजूची कड खुणेपाशी आणायची, समोरची कडही तितकीच आत घ्यायची, खालची कड काखेच्या थोडी वर ठेवायची. इतक्या जवळच्या क्रॉपमध्ये डोक्याच्या वर मोठी जागा ठेवली तर चेहरा खाली घसरल्यासारखा वाटतो, तेव्हा वरची कडही खाली घ्या. केसांचा वरचा थोडा भाग कापला गेला तरी चालतो, हनुवटी मात्र कधी कापायची नाही. डोळे चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेजवळ आले की जागा बरोबर समजावी.

बोटं खुणेच्या आत, मानेकडे पोचली असतील तर कापून मार्ग निघत नाही. ओढूनताणून कापलं तर एका बाजूला गालाला चिकटलेली कड आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण खांदा, असा लंगडा फोटो होतो. अशा वेळी उलटा विचार करायचा आणि हाताचा मालक परत घ्यायचा. शेजारचा माणूस निदान अर्ध्या छातीपर्यंत आणि चेहऱ्यासह फोटोत ठेवा. हात कुणाचा आहे हे कळलं की तो परका उरत नाही. घरात लावायच्या फोटोला हे चालतं, बायोडेटाला चालत नाही. बायोडेटासाठी दुसरा फोटो शोधणं किंवा रीटच करून घेणं हाच मार्ग.

ग्रुप फोटोतून माणूस वेगळा काढताना तो मूळ फोटोत कुठे उभा होता तेही बघा. मोबाइलच्या वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत कडेच्या माणसांचे चेहरे बाहेरच्या बाजूला ताणले जातात. ग्रुपमध्ये ते लक्षात येत नाही. एकट्याला कापून काढलं की चेहरा रुंद आणि तिरका दिसायला लागतो. क्रॉप कितीही नीट केला तरी हा ताण जात नाही, म्हणून मधल्या भागात उभ्या असलेल्या माणसाचा फोटो निवडलेला बरा.

प्रसिद्ध फोटोंतले दोन प्रसंग

5 मार्च 1960 रोजी हवानात आल्बेर्तो कोर्दा यांनी चे गेव्हाराचा फोटो काढला. बंदरात आदल्या दिवशी स्फोट झालेल्या ‘ला कूब्र’ जहाजावरच्या मृतांसाठी तिथे सभा होती. जगभर टीशर्टांवर आणि भिंतींवर दिसणारा तो चेहरा याच फोटोतला. मूळ फोटो आडवा आहे. त्यात एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा कडेतून डोकावतो आणि दुसऱ्या बाजूला ताडाच्या झावळ्या आहेत. कोर्दांनी दोन्ही बाजू कापल्या आणि उभा पोर्ट्रेट केला. दोन्ही अडथळे आणि चेचं शरीर यांच्यात मोकळं आकाश होतं, म्हणून खालून किंवा सांध्यावर कुठेही न कापता हे जमलं.

दुसरा प्रसंग याच्या उलट. डोरोथिया लँग यांनी मार्च 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, स्थलांतरित शेतमजुरांच्या तळावर काढलेला ‘मायग्रंट मदर’ हा फोटो. दोन मुलं आईच्या खांद्यांना बिलगलीत, तान्हं मांडीवर आहे. त्यात खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा आला होता. तो कापायचा तर खालची कड वर आणावी लागली असती आणि मग मांडीवरचं तान्हं कापलं गेलं असतं. उजवीकडून कापलं असतं तर बिलगलेलं मूल गेलं असतं. फोटोचा जीव त्या चौघांच्या एकत्र बसण्यातच होता. पुढे लँग यांनी निगेटिव्हवरच रीटच करून तो अंगठा पुसट करून घेतला. त्या ज्या सरकारी विभागासाठी काम करत होत्या त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना ते अजिबात आवडलं नाही. नीट बघितलं तर त्या जागी अंगठ्याची पुसट छाया अजूनही दिसते.

घरच्या फोटोत रीटच केलं तर कुणाची हरकत नसते. वर्तमानपत्राच्या फोटोत मात्र कापणं आणि पुसणं यांत मोठा फरक मानतात. 2014 च्या जानेवारीत असोसिएटेड प्रेसने नार्सिसो कोन्ट्रेरास या पुलित्झर विजेत्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले, कारण सीरियातल्या एका फोटोत कोपऱ्यात आलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा त्यांनी पुसला होता. कडेची फालतू गोष्ट कापून बाहेर ठेवणं हे बातमीच्या फोटोत सर्वसाधारणपणे मान्य असतं, पण चौकटीच्या आतलं काही मिटवणं मान्य नसतं. गावच्या पेपरला किंवा संस्थेच्या अहवालाला फोटो पाठवणाऱ्यांनीही हाच दंडक पाळावा. आणि तो हात बातमीचाच भाग असेल, म्हणजे कुणी कुणाला ढकलतंय, काही हिसकावतंय, तर तो कापणंही खोटंच.

कापायच्या आधी आणि नंतर

मूळ फाइल मिळवल्याशिवाय कापायला बसू नका. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो बराच लहान झालेला असतो. वरचाच फोटो लांब बाजू 1600 पिक्सेल होऊन आला असता, तर दुसऱ्या क्रॉपला 2440 ऐवजी 650 पिक्सेल उरले असते आणि 8 इंचांच्या प्रिंटवर इंचाला 81. कड कितीही विचाराने ठरवली असती तरी प्रिंट धुरकटच आली असती. फोटोग्राफरला ओरिजिनल फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवर पाठवायला सांगा.

कापताना क्रम असा ठेवा. आधी फोटो सरळ करा. मग प्रिंटचं प्रमाण निवडून कुलूप लावा, म्हणजे 8 × 10 साठी 4:5, 4 × 6 साठी 2:3. मोकळ्या प्रमाणात कापून नंतर लॅबमध्ये दिलं तर मशीन आपल्या मनाने पुन्हा कापतं आणि आपण सांभाळलेलं कोपर तिथे जातं. त्यानंतर शरीराच्या बाजूने खालची कड ठरवा, परक्या हाताची कड दुसरी, उरलेल्या दोन नजर आणि डोक्यावरची जागा बघून. सेव्ह करताना मूळ फोटोवर सेव्ह करू नका, प्रत काढा. फोटोशॉपमध्ये क्रॉप टूल निवडल्यावर वर Delete Cropped Pixels अशी खूण दिसते, ती काढून टाका. मग कापलेला भाग फाइलमध्ये राहतो आणि चौकट नंतर सरकवता येते.

कापून झाल्यावर फोटो 100 टक्के मोठा करून चारही कडांवरून एकदा सावकाश फिरा. हात गेलेला असतो पण नखाचं टोक, घड्याळाच्या पट्ट्याचा तुकडा किंवा शर्टाच्या बाहीचा रंग कडेला राहिलेला असतो. हाताची सावली माणसाच्या पदरावर किंवा शर्टावर पडली असेल तर तीही बघा. हात नसताना सावली राहिली की कुठून आली ते कळत नाही. त्यानंतर उलट करा. फोटो काडेपेटीएवढा लहान करून बघा. लहान चित्रात थोटं कोपर, खाली घसरलेला चेहरा आणि चिकटलेली कड लगेच दिसते, कारण तपशील नाहीसे होऊन फक्त आकार उरतात.

जुना कागदी फोटो असेल तर स्कॅन करण्याआधीच कड ठरवता येते. जाड पुठ्ठ्याचे ‘एल’ आकाराचे दोन तुकडे कापा आणि एकमेकांवर उलटे ठेवून त्यांची चौकट फोटोवर सरकवत राहा. डार्करूममध्ये काम करणारे असंच करत. स्क्रीनवर एकच चौकट समोर असते आणि तीच बरोबर वाटायला लागते. पुठ्ठ्यांनी पाच मिनिटांत दहा चौकटी बघून होतात. हात घालवण्याच्या नादात शरीर कुठे कापलं जातंय ते त्यात लगेच कळतं.

आणि इतकं करूनही एकही चौकट पटली नाही, कुठूनही कापलं तरी सांधा किंवा पंजा जातोच असं दिसलं, तर हात राहू द्या. ताट धरलेला अख्खा हात घड्याळासकट आणि दंडापर्यंत नीट फोटोत असेल, तर तो त्या दिवशीच्या गर्दीचा भाग म्हणून दिसतो. अर्धवट कापलेली आजी मात्र चुकलेल्या क्रॉपशिवाय दुसरं काही दाखवत नाही.